‘या स्प्रिंटमध्ये होऊन जाईल’ म्हणजे नेमकं कोणत्या वारी?

*भाऊ, प्लॅनिंगला सगळं हिरवं दिसतं अन् दुसऱ्या आठवड्यात कळतं की पेमेंटवाल्यांनी एपीआय दिलाच नाही. हे आधी कळायचा काही मार्ग आहे का?*

आहे. त्यासाठी प्रत्येक अवलंबित्वाला दोन तारखा लागतात: आपल्याला ते कधी हवं आहे आणि समोरची टीम ते कधी देणार आहे. बहुतेक बोर्डांवर यातली एकही नसते. तिकिटाला ‘blocked’ चा झेंडा लागतो तोवर काम अडलेलं असतं, त्यामुळे तो झेंडा इशारा म्हणून उपयोगाचा नाही. दोन तारखांमधलं अंतर मात्र स्प्रिंट सुरू व्हायच्या आधीही मोजता येतं.

एक उदाहरण घेऊ. ऑर्डरची टीम नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये बसते, पेमेंटची पुण्यात. दोघांचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा आहे, सोमवारी सुरू होऊन दुसऱ्या शुक्रवारी संपणारा. नागपूरच्या टीमला ऑर्डरच्या स्क्रीनवर रिफंडची स्थिती दाखवायची आहे आणि ती माहिती पुण्याच्या एपीआयमधून येणार आहे. पुण्याला विचारलं तर उत्तर येतं, ‘या स्प्रिंटमध्येच आहे, होऊन जाईल.’ ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या हिशेबात शुक्रवारी संध्याकाळी दिलं तरी ते याच स्प्रिंटमध्ये झालेलं असतं.

आता शेवटाकडून मागे मोजा. एपीआय हातात आल्यावर नागपूरला स्क्रीन बांधायला तीन दिवस, दोन्ही बाजू जोडताना निघणाऱ्या अडचणींना एक दिवस आणि टेस्टिंगला दोन दिवस लागतात. म्हणजे सहा दिवस. शुक्रवारपासून कामाचे सहा दिवस मागे गेलात की पहिल्या आठवड्याचा गुरुवार येतो. त्या संध्याकाळपर्यंत एपीआय स्टेजिंगवर चालू नसेल तर ही स्टोरी या स्प्रिंटमध्ये पूर्ण होणार नाही, आणि हे प्लॅनिंगच्या आधीच कागदावर दिसतं. गूगल शीटमध्ये हीच आकडेमोड एका ओळीत होते. `B2` मध्ये स्प्रिंटची शेवटची तारीख असते आणि `Holidays` ही सुट्ट्यांची यादी:

```
=WORKDAY(B2, -6, Holidays)
```

ही सुट्ट्यांची यादी आपल्या गावाची हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा आणि मारबत असते. ऑफिस त्या दिवशी बंद राहणार असेल तरी पुण्याच्या कॅलेंडरवर तो साधा कामाचा दिवस असतो. तो दिवस पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी आला तर वरचं सूत्र गुरुवारऐवजी बुधवार दाखवतं. पुण्याने गुरुवार कबूल केलेला असेल, तर दोन्ही टीम आपापल्या जागी बरोबर असूनही एक दिवस कमी पडतो. त्यानंतर चारच दिवसांत गणपती बसतात, आणि विसर्जनापर्यंतच्या रजा पुण्याच्या बाजूने मोजायला लागतात. म्हणून हवी असलेली तारीख आपल्या सुट्ट्या धरून काढा, आणि कबूल केलेली तारीख त्यांना त्यांच्या सुट्ट्या धरून द्यायला सांगा.

नोंद ठेवायची पद्धत साधी आहे. जिरामध्ये आपल्या स्टोरीवर नुसती कॉमेंट टाकू नका. पुण्याच्या प्रोजेक्टमध्ये त्यांचं वेगळं तिकीट हवं, त्याला एक नेमका माणूस नेमलेला हवा, `Due date` मध्ये त्यांनी स्वतः दिलेली तारीख हवी, आणि आपल्या स्टोरीला ते `is blocked by` ने जोडलेलं हवं. ‘झालं’ म्हणजे काय तेही तिथेच लिहा: कोड मर्ज झाला एवढं पुरेसं नाही, स्टेजिंगवर ठरलेल्या ऑर्डर नंबरला योग्य उत्तर यायला हवं. मर्ज ते स्टेजिंग यात कधी कधी दोन दिवस जातात आणि ते कोणाच्याच अंदाजात धरलेले नसतात. अशा तिकिटांना एकच लेबल द्या, मग हे दोन शोध रोज चालवता येतात:

```
labels = dep-ord AND statusCategory != Done
  AND (duedate is EMPTY OR assignee is EMPTY)

labels = dep-ord AND statusCategory = "To Do"
  AND duedate <= 3d
```

पहिल्यात जे येतं त्याची जबाबदारी अजून कोणी घेतलेली नाही, किंवा तारीख दिलेली नाही. दुसऱ्यात जे येतं ते तीन दिवसांत द्यायचं आहे, पण कोणी हातात घेतलेलं नाही. जिराच्या दोन मर्यादा मात्र लक्षात असू द्या. एका तारखेची दुसऱ्या तारखेशी तुलना शोधात करता येत नाही, म्हणून ‘हवी’ आणि ‘कबूल’ या तारखा शेजारी ठेवायला शीट लागतेच. आणि तारीख हळूच पुढे ढकलली गेली तर `CHANGED` ने ती सापडत नाही, कारण `duedate` वर ते चालत नाही. तिकिटाची हिस्टरी उघडून पाहावी लागते. माझ्या मते दोनदा सरकलेली तारीख लाल धरावी, भले ती अजून आपल्या मुदतीत बसत असेल.

हे सगळं कोणत्या दिवशी तपासायचं, यावर बरंच काही ठरतं. दोन्ही टीमचं प्लॅनिंग सोमवारी असेल तर त्या सोमवारी विचारून उपयोग नाही, पुण्याचा स्प्रिंट तोवर भरलेला असतो. मागणी आधीच्या स्प्रिंटच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे त्यांची बॅकलॉग बैठक व्हायच्या आत पोचायला हवी. मग आदल्या बुधवारी शीट उघडून अंतर पाहायचं. कबूल तारीख हव्या तारखेच्या पुढे असेल तर शुक्रवारपर्यंत निर्णय घ्यायला दोन दिवस मिळतात.

त्या दोन दिवसांत सर्वात आधी मॉक करून भागेल का ते पाहावं. पुण्याने एपीआयचा करार, म्हणजे विनंती आणि उत्तराची फील्डं, एररचे कोड, सोमवारीच लिहून दिला तर नागपूरची टीम खोट्या उत्तरावर स्क्रीन बांधून घेऊ शकते. मग खरा एपीआय जोडणी आणि टेस्टिंग या तीनच दिवसांसाठी लागतो. सूत्रात `-6` च्या जागी `-3` घाला, मुदत दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारवर येते, आणि मारबतीच्या सुट्टीचा या हिशेबावर काही परिणाम होत नाही. पण जोडणीचा एक दिवस कापू नका. मॉकमध्ये नेहमी छान उत्तर येतं. रिफंड अर्धवट झालेला, बँकेकडून उत्तरच न आलेलं, असल्या गोष्टी खऱ्या एपीआयवरच दिसतात. मॉकनेही जमत नसेल तर स्टोरी सरळ पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकावी, किंवा दोन्ही टीमच्या प्रॉडक्ट ओनरनी बसून पुण्याचं दुसरं कोणतं काम मागे सरकवायचं ते ठरवावं. हा निर्णय डेव्हलपरांनी चॅटवर आपापसात उरकू नये, कारण मागे सरकणाऱ्या कामाची वाट पाहणारं तिसरंच कोणीतरी असतं.

जे अवलंबित्व कोणाच्या ध्यानातच आलं नाही, ते यातल्या कशानेही दिसणार नाही. एपीआय सहसा कोणी विसरत नाही. विसरतात ते स्टेजिंगचा ॲक्सेस, फायरवॉलमधला नियम, सर्टिफिकेट, टेस्टिंगसाठी रिफंड झालेल्या ऑर्डरी. हे देणाऱ्या इन्फ्राच्या टीमचा स्प्रिंटही बहुधा नसतो, त्यांच्याकडे रांग असते. म्हणून तिथे तारखेबरोबर ‘आमच्या आधी रांगेत किती आहेत’ हेही विचारावं लागतं. रिफाइनमेंटमध्ये प्रत्येक स्टोरीला एकच प्रश्न लावा: ही ग्राहकाच्या फोनवर दिसेपर्यंत आपल्या टीमबाहेरच्या कोणाकोणाला काहीतरी करावं लागेल? उत्तरात जितकी माणसं निघतील तितकी तिकिटं, आणि प्रत्येकावर दोन तारखा.