तीन ओळींची चिठ्ठी

"एवढंच लिहिलंस व्हय?" चिठ्ठी वाचून आई म्हणाली.

वहीचं पान, तीन ओळी. "दादा, परवा रात्री अडीचला तुम्ही फुलेवाडीत आमच्या आबांना न्यायला आलात. गाडी बोळात उलटी का घातलीत, ते नंतर कळलं. आबा बरे आहेत."

आईला 'देवासारखे धावून आलात' पाहिजे होतं. माझ्या डोक्यातून ती उलटी गाडीच जात नाही.

१०८ ला फोन लावल्यावर थोड्या वेळात ड्रायव्हरदादांचाच फोन आला. "खूण सांगा जवळची. एक माणूस बॅटरी घेऊन कोपऱ्यावर थांबवा, बोळातल्या गाड्या काढा. आणि छातीत दुखतंय न्हवं? मग आबांना जिना चालत उतरवू नका."

कोपऱ्यावर मीच होतो. ॲम्ब्युलन्स आली ती बोळ ओलांडून पुढं गेली. मी बोंबललो, "ओ दादा, हिकडं!" ते काही बोलले नाहीत. रिव्हर्स टाकून अख्खा बोळ मागं मागं आले. मागचं दार बरोबर आमच्या उंबऱ्यासमोर.

आबांना खुर्चीत बसवून खाली आणलं, स्ट्रेचरवर घेतलं आणि गाडी सरळ सुटली सीपीआर हॉस्पिटलकडं. आबा आत असताना त्या अरुंद बोळात वळवावळवी नाही, शेजाऱ्यांचं "घे, घे, घे" नाही.

चिठ्ठी अजून द्यायचीय. आईनं खाली एक ओळ वाढवलीच.

"एकदा जेवायला या. गाडी सरळ घातली तरी चालंल."