सावळ्या त्वचेचं छत्र कुठवर पुरतं?

चेहऱ्यावरच्या वांगासाठी आलेल्या पेशंटला मी चपला काढून टेबलावर झोपायला सांगितलं, की बहुतेक जण आधी माझ्या तोंडाकडे बघतात. त्या बाईंनीही बघितलं. पन्नाशी उलटलेली, वर्ण चांगला गडद. दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांगाचे तपकिरी पट्टे. बऱ्याच क्रीम लावून झाल्या होत्या. लावलं की फिकं व्हायचं, थांबलं की पुन्हा गडद. सनस्क्रीन लावता का, असं विचारल्यावर त्या हसल्याच. "अहो डॉक्टर, ते गोऱ्यांसाठी असतं. आम्ही मुळातच काळे, ऊन आम्हांला आणखी काय करणार?" सोबत आलेल्या मुलीनेही मान डोलावली.

हा समज खोडून काढणं अवघड जातं, कारण तो अर्धा खरा आहे. गडद त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य खरोखरच ऊन अडवतं. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्वचेचा वरचा पातळ थर वेगळा काढून त्यातून किती अतिनील किरण पार होतात ते मोजलं होतं. काळ्या त्वचेच्या थराचं संरक्षण सरासरी १३.४ एसपीएफइतकं भरलं, गोऱ्या त्वचेचं ३.४. म्हणजे फरक मोठा आहे, पण १३ एसपीएफची सनस्क्रीन कुणी विकायला आणली तर मी ती वांगाच्या पेशंटला देणार नाही. शिवाय ही सरासरी सगळ्यात गडद त्वचेची. आपण ज्याला सावळं म्हणतो तो रंग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो.

पण ती गोष्ट नंतर. आधी पाय. त्वचा तपासायची तर तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं आणि तोंडाच्या आतली बाजू बघायचीच, असा माझा शिरस्ता आहे. पेशंटचा वर्ण जितका गडद, तितका मी तो कसोशीने पाळते. बाईंच्या उजव्या टाचेवर, थोडा आतल्या बाजूला, एक डाग होता. साधारण १२ मिलिमीटर लांब, एका टोकाला काळा आणि दुसरीकडे फिकट तपकिरी, कडा नकाशातल्या किनारपट्टीसारख्या वेड्यावाकड्या. "ते जुनंच आहे, काहीतरी टोचलं होतं," त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "आई, जुनं कसं? आधी एवढं नव्हतं."

टाचेवरच्या काळ्या डागाची कारणं बहुधा साधीच असतात. घासून आत साकळलेलं रक्त, चामखीळ, कुरूप, नाहीतर तीळ. गडद वर्णाच्या माणसांच्या तळव्यांवर निरुपद्रवी तपकिरी ठिपकेही खूप सापडतात. साकळलेलं रक्त ब्लेडने वरची मेलेली कातडी हलकेच तासली की तिच्याबरोबर निघून येतं. चामखीळ तासली की रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. मी तासून बघितलं. डाग जिथल्या तिथे राहिला.

मग डर्मोस्कोप लावला. हे हातात मावणारं भिंग असतं, त्याला स्वतःचा दिवा असतो आणि त्यातून त्वचेचा वरचा थर आरपार दिसतो. तळव्याची कातडी बोटांच्या ठशांसारखी असते, उंचवटा आणि खाच आळीपाळीने. घामाची छिद्रं उंचवट्याच्या माथ्यावर उघडतात, त्यामुळे भिंगातून पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसली की तो उंचवटा, हे पक्कं कळतं. साध्या तिळाचा रंग सहसा खाचांमधून बारीक रेघांनी जातो. इथे तो पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळींवरच रुंद पट्ट्यांनी बसला होता. मेलॅनोमा म्हणजे मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि तळव्यावरच्या मेलॅनोमाची ही नावाजलेली खूण. आधीपासूनच ठिपकेदार असलेल्या गडद तळव्यांवर ती कधी कधी फसवते, त्यामुळे मी तिच्यावर निदान करत नाही, डाग काढून तपासायला पाठवते.

दोन मिलिमीटरची कड ठेवून अख्खा डाग काढला. अहवालात मेलॅनोमाच आला, जाडी ०.५ मिलिमीटर, वर व्रण नाही. मेलॅनोमात रुंदीपेक्षा ही खोलवरची जाडी जास्त बोलते. एवढ्या पातळ गाठीला जांघेतल्या लसिकाग्रंथीची बायोप्सी सहसा करावी लागत नाही. सर्जननी जखमेभोवती आणखी एक सेंटिमीटर कातडी काढून त्वचारोपण केलं. टाचेवरची जागा भरून यायला वेळ लागला आणि त्या काळात त्या पायावर भार द्यायचा नाही, हे बाईंना सगळ्यात जड गेलं.

अहवाल सांगितला त्या दिवशी मुलीने अगदी स्वाभाविक प्रश्न विचारला. "म्हणजे आईने सनस्क्रीन लावली असती तर हे झालं नसतं?" मी नाही म्हटलं, आणि ती गोंधळली. पण उत्तर तेच आहे. टाचेला ऊन लागतच नाही. तळवे आणि नखांखालचा हा मेलॅनोमा उन्हामुळे होणाऱ्या मेलॅनोमापेक्षा वेगळा आहे. त्याच्या पेशींमधले जनुकीय बदलही उन्हाने होणाऱ्या बदलांसारखे नसतात. गोऱ्या लोकांना मेलॅनोमा एकूण कितीतरी जास्त होतो, हे खरंच. गडद वर्णाच्या माणसांत तो विरळा, पण झाला की बरेचदा अशाच जागी होतो, जिथे वर्णाचा काही उपयोग नसतो आणि कुणी बघतही नाही. बॉब मार्ली १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलॅनोमाने, आणि सुरुवातीला तो डाग फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटला होता.

म्हणून मी या दोन गोष्टींची सरमिसळ करत नाही. तपासणी कॅन्सर लवकर सापडावा म्हणून. सनस्क्रीन बाईंसाठी मुख्यतः वांगासाठी, आणि तिथे मात्र गडद त्वचाच जास्त हळवी असते. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी आधीच तत्पर, थोडं ऊनही त्यांना पुरतं. त्यात आणखी एक भानगड आहे. नुसते अतिनील किरणच नाही, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातला निळा-जांभळा भागही गडद त्वचेवर दीर्घकाळ टिकणारा काळेपणा आणतो, गोऱ्यापान त्वचेवर तो जवळजवळ आणत नाही. साध्या सनस्क्रीनमधून हा प्रकाश बराचसा निसटतो. डब्यावरचा एसपीएफचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण तो त्वचा लाल होण्यावरून मोजलेला असतो. त्याला अडवतं लोहाचं ऑक्साइड, तेच ज्याने क्रीमला मातकट रंग येतो. म्हणून मी बाईंना ३० च्या वरच्या एसपीएफची, रंग असलेली क्रीम लिहून दिली. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांबीभर येईल एवढी, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. लोक याच्या निम्मीही लावत नाहीत आणि मग क्रीमला नावं ठेवतात. रंगीत क्रीमचा एक फायदा असा, की ती पांढऱ्या क्रीमसारखी सावळ्या चेहऱ्यावर राखाडी दिसत नाही. छटा जुळली पाहिजे, हे मात्र आहेच, आणि गडद छटा सगळीकडे मिळत नाहीत.

जाता जाता मुलीने स्वतःचा अंगठा पुढे केला. नखावर उभी तपकिरी रेघ. बाकीची नखं रंगवलेली, म्हणून तिला तिथल्या तिथे नेलपेंट काढायला लावलं. आणखी चार नखांवर तशाच फिकट, सारख्या रुंदीच्या रेघा निघाल्या. सावळ्या माणसांत अशा रेघा नेहमीच्याच. मोठेपणी एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत गेली, तीन मिलिमीटरच्या पुढे गेली किंवा नखाशेजारच्या कातडीवर तिचा रंग उतरला, तर मात्र लगेच ये, असं तिला सांगितलं. नखांचे फोटो काढून ठेवले. आईला दर तीन महिन्यांनी बोलावलं आहे, टाच, तळवे आणि जांघेतल्या गाठी बघायला.