साहेबांनी सात वेळा तोडलं, त्यातलं एकदाच खरं होतं

तीन वर्षं एका फायनान्स कंपनीत छोट्या दुकानदारांच्या लोनच्या फायली बघत होतो, मग दुसरीकडे क्रेडिट ऑफिसरच्या इंटरव्ह्यूला नाशिकला गेलो. समोर दोघं. मॅडम शांत, साहेब मोबाईलवर. मी नाव सांगून दुसरं वाक्य सुरू केलं तोच साहेब म्हणाले, "हे बायोडेटात आहे, नवीन काय ते बोला."

मग केस दिली. किराणा दुकान, महिन्याची विक्री 6 लाख, मार्जिन 10 टक्के, 6 हजारांचा एक हप्ता आधीच चालू. मागतोय 10 लाख, 5 वर्षांसाठी, 12 टक्क्यांनी. द्यायचं का?

मी कागद मागून घेतला आणि ते बरंच झालं, कारण बोलणं तुटलं तरी आकडा कागदावर राहतो. हप्ता 22,244. जुना धरून 28,244. उत्पन्न 60 हजार, म्हणजे हप्त्यांत जाणार त्यातले 47 टक्के, आमच्याकडे साधारण 50 पर्यंत चालायचं, म्हणून म्हटलं देता येईल. तेवढ्यात सुरू झालं. "हप्ता चुकलाय." "तीन वर्षं हेच शिकलात?" "राहू दे, तुम्हाला जमणार नाही."

घसा कोरडा पडला, आणि मी भराभर बोलायला लागलोय हे माझं मलाच ऐकू आलं. पाणी प्यायलो. मग लक्षात आलं की "जमणार नाही" यात उत्तर देण्यासारखं काही नाहीच, ते सोडून दिलं. पण "हप्ता चुकलाय" हे तपासता येतं, तर परत मांडला, तेवढाच आला. म्हटलं, "सर, मला 22,244 च येतंय, तुम्ही दर वेगळा धरलाय का?" ते काहीच बोलले नाहीत. मागे हटलो असतो तर तिथेच फसलो असतो.

पुढे ते असंच मध्ये म्हणाले, "आणि दुकान काय फुकट चालतं?" आवाज तोच, तसाच खोचक, त्यामुळे मी हेही सोडूनच देणार होतो. पण हा टोमणा नव्हता, इथे माझी खरंच चूक होती. ते 60 हजार म्हणजे भाडं, पोऱ्याचा पगार, लाईट बिल द्यायच्या आधीचे!

"बरोबर आहे सर, मी खर्च वजा केलाच नाही, एक मिनिट द्या." खर्च 20 हजार धरला, उरले 40. आता 28,244 म्हणजे 70 टक्क्यांच्या वर. 10 लाख बसतच नव्हते. 6 लाखांचा हप्ता 13,347, जुना धरून 19,347, म्हणजे 48 टक्के. "सर, 6 लाख देईन." त्यावरही "आत्ता तर 10 म्हणत होतात!" आलंच. म्हटलं, "हो, तेव्हा खर्च धरला नव्हता."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. (असं मुद्दाम टोचून बोलून माणूस कळतो यावर माझा अजूनही फारसा विश्वास नाही, पण वसुलीला गेल्यावर लोक याहून वाईट बोलतात हेही खरंय.)

ऑफर आली, पगार जमला नाही, गेलो नाही. तो कागद मात्र खिशातच राहिला होता, घरी उघडला तर "भाडं" हा शब्द इतका दाबून लिहिलेला की पेन आरपार गेलं होतं.