तुम्ही विचारलंत म्हणून: कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही

"सर, कुस्ती सोडली की पैलवानाचं पोट का सुटतं? आणि तुम्ही तुमचं कमी कसं केलंत?"

माझी कुस्ती गुडघ्यानं सोडवली. एकोणतिसाव्या वर्षी, कोल्हापूरच्या तालमीत सरावाची लढत चालू असताना लिगामेंट गेलं, आणि त्यानंतर मी मातीत उतरलो तो फक्त पोरांना डाव दाखवायला. त्या दिवशी वजन ९२ किलो होतं. चौदा महिन्यांनी काट्यावर उभा राहिलो तेव्हा १११.

तालमीत म्हणतात, 'मेहनत सुटली की अंगाची चरबी होते.' तसं काही होत नाही. मांस हे मांस आणि चरबी ही चरबी, एकाचं दुसरं बनत नाही. एकीकडे मांस वाळतं, दुसरीकडे चरबी चढते, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतं. म्हणूनच काटा सुरुवातीला फसवतो. पहिल्या चार महिन्यांत माझं वजन जेमतेम दोन किलो वाढलं होतं. मी खुशीत होतो. पण पॅन्ट मांडीत सैल आणि कमरेत घट्ट होत होती, आणि ते बायकोला आधी दिसलं. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, काटा बाजूला ठेव आणि बेंबीच्या रेषेत टेप लाव. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली की डॉक्टर कान टवकारतात. माझी तेव्हा ११३ होती.

आता खरं कारण. आम्हा पैलवानांच्या भाषेत जेवण वेगळं आणि खुराक वेगळा. जेवण म्हणजे भाकरी, आमटी, मटण. खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदामाची थंडाई. कुस्ती सुटल्यावर मी शहाण्यासारखं जेवण कमी केलं. पाच भाकऱ्यांच्या तीन केल्या आणि वाटलं, झालं काम. खुराकाला हात लावायचं डोक्यातच आलं नाही, कारण आमच्या लेखी ते खाणं नव्हतंच, ते औषधासारखं होतं.

त्याचा हिशोब मी फार उशिरा केला. रोज दोन लिटर म्हशीचं दूध, घरचंच. म्हशीच्या लिटरभर दुधात साडेनऊशे ते हजार कॅलरी असतात, म्हणजे एकोणीसशे तरी धरा. तूप ५० ग्रॅम, त्याचे साडेचारशे. थंडाईत मूठ-दीड मूठ बदाम, ८० ग्रॅमच्या आसपास, त्याचे पावणेपाचशे. बेरीज अठ्ठावीसशेच्या वर. शाळेत शिकवणाऱ्या, उरलेला वेळ खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारख्या गड्याला अख्ख्या दिवसाला लागतात सव्वीस-सत्तावीसशे. म्हणजे भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधीच माझा दिवस भरलेला असायचा. तालमीत असताना पहाटे चारला उठून जोर, बैठका, लढत आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत, यात वरचे दीड-दोन हजार सहज जळत. ते जळणं थांबलं, पिणं चालूच राहिलं.

मग भूक आपोआप कमी का झाली नाही? बी.पी.एड. करताना एक अभ्यास वाचला होता. १९५६ साली ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या तागाच्या गिरणीतल्या कामगारांचं खाणं आणि वजन तपासलं. जे नुसते बसून असत ते अंगमेहनत करणाऱ्यांपेक्षा कमी खात नव्हते, उलट बरोबरीनं किंवा जास्तच खात, आणि जाडही तेच होते. हलणं फारच कमी झालं की भुकेचा अंदाज चुकतो. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, स्वतःवर आल्यावर समजलं.

सुटकेचा पहिला प्रयत्न मी पैलवानी पद्धतीनंच केला. वजनगटात बसायला आम्ही वजन तोडायचो. दोन दिवस पाणी बंद, अंगावर दोन-तीन स्वेटर, आणि धावायचं. चार किलो झटक्यात उतरायचं. तेच पुन्हा केलं. तीन दिवसांत चार किलो गेलं आणि पुढच्या दोन दिवसांत पाण्याबरोबर सगळं परत आलं. एवढी वर्षं मला वाटत होतं की वजन कमी करणं मला येतं. मला येत होतं ते घाम काढणं. (आणि या वयात, रक्तदाब वाढलेला असताना, तो उद्योग धोक्याचा. कुणी करू नका.)

दुसऱ्यांदा मी क्रम उलटा केला, भाकरी राहू दिली आणि खुराक उतरवला. थंडाई एका दिवसात बंद, दहा बदाम भिजवून चावून खायचे. दूध दर आठवड्याला अर्धा लिटर कमी, तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या लिटरवर आलो. आई नाराज होती, पण वाचलेलं दूध डेअरीला जायला लागलं आणि दहा दिवसांच्या बिलात फरक दिसला, तशी नाराजी ओसरली. तूप वाटीतून ओतायचं बंद करून चहाच्या एका चमच्यावर आणलं. अंडी मात्र तोडली नाहीत. मटण रोजचं आठवड्यातून दोनदा केलं, बाकी दिवशी कोंबडी, उसळ, दही. खाणं कमी करताना ही प्रथिनं कमी केली की आधी मांसच उतरतं, आणि ते आधीच उतरत होतं.

पहिले तीन आठवडे कठीण गेले. गंमत म्हणजे भूक दिवसभर नव्हती. पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहाला लागायची, बरोबर मेहनतीनंतर खुराक यायच्या वेळेला. पोटाला घड्याळ लागलेलं होतं. संध्याकाळी वाटीभर उकडलेली मटकी आणि पातळ ताक ठेवलं, तेव्हा निभावलं.

व्यायामाचं काय, हेही विचारता. गुडघ्यामुळे बैठका बंद. रोज तासभर चालतो, आठवड्यातून तीनदा जोर मारतो आणि लाकडी मुदगलासारखा करेला फिरवतो, ते मांस टिकावं म्हणून. पण चालून पोट उतरेल या भ्रमात राहू नका. माझ्या वजनाला तासभर चालण्यात तीन-चारशे कॅलरी जातात, आणि मोठा ग्लास भरून म्हशीचं दूध प्यायलं की तेवढ्याच परत येतात.

सोळा महिन्यांत १११ चे ९७ झाले. पाच किलो पहिल्या दोन महिन्यांतच गेले, पुढचं रडतखडत. सगळ्यात जास्त अडचण येते ती जत्रेच्या मैदानाला. पंच म्हणून बसलं की पोरं मोठ्या प्रेमानं थंडाईचा तांब्या घेऊन येतात आणि वस्तादांना नाही म्हणवत नाही. अर्धा पेला घेतो, उरलेला शेजारच्या पंचाकडे सरकवतो.

९२ चा नाद सोडलाय. तेव्हाच्या ९२ मध्ये जे मांस होतं ते आता अंगावर नाही, त्यामुळे तो आकडा गाठूनही कंबर तेव्हाची होणार नाही. सध्या टेप ९६ वर अडकलाय.