टेप घेऊन शोरूममध्ये

"काकू, आमचा लॅब्राडोर कुत्रा छत्तीस किलोचा आहे. त्याला घेऊन अधूनमधून पुण्याला जावं लागतं. जुनी गाडी काढायची ठरवलीय. कोणती घेऊ?"

इंदूरमधल्या मराठी घरांतून हे मला इतक्यांदा विचारलं गेलंय की आता मी गाडीच्या नावापासून सुरुवातच करत नाही. आधी सांगते, शिवणकामाची टेप घ्या आणि डिकीचा काठ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. पासष्ट सेंटीमीटरच्या आसपास असेल तर पुढे बोलू. पंचाहत्तरच्या वर असेल तर गाडी कितीही देखणी असो, मोठ्या कुत्र्याच्या घरासाठी मी ती बाद करते.

हा आकडा माहितीपत्रकात बहुधा नसतो. तिथे असतात डिकीचे लिटर आणि ग्राउंड क्लिअरन्स. लिटरवरून सुटकेसा किती मावतील ते कळतं. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, डिकीच्या काठाशी त्याचा थेट संबंध नाही. सेल्समनला विचारलं तर तो हसतो आणि म्हणतो, "मॅडम, डॉगी तो कूद जाएगा."

कूद जाएगा, खरं आहे. पण चढताना जोर मागच्या पायांचा लागतो आणि उतरताना सगळं वजन पुढच्या दोन पायांवर येऊन आदळतं, मनगटांवर, कोपरांवर, खांद्यांवर. लॅब आणि शेफर्ड या जातींमध्ये कोपर आणि खुब्याची दुखणी मुळातच जास्त. आता हिशोब बघा. तुमचा कुत्रा आज तीन वर्षांचा आहे. मोठ्या जातीचा कुत्रा साधारण दहा-बारा वर्षं जगतो आणि आपण गाडीही आठ-दहा वर्षं वापरतो. म्हणजे तो याच गाडीत म्हातारा होणार. गाडी आजच्या कुत्र्यासाठी नाही, नऊ वर्षांच्या कुत्र्यासाठी घ्यायची आहे.

आणि नऊ वर्षांच्या कुत्र्याला रॅम्प लागतो. रॅम्पची लांबी काठाच्या उंचीच्या निदान अडीचपट हवी. त्यात उतार चोवीस अंशांच्या आत राहतो आणि धडधाकट कुत्रा निर्धास्त चढतो. सांधे दुखणाऱ्याला तिप्पट द्यावी, म्हणजे उतार वीसच्या खाली येतो. काठ 64 सेंटीमीटरवर असेल तर अडीचपटीने 160 चा रॅम्प पुरतो. काठ 73 वर असेल तर 183 चा लागतो. नऊ सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नाही, पण त्यापायी रॅम्प जवळपास पाऊण फुटाने वाढतो. तो जड होतो, दुमडला तरी लांब राहतो, आणि प्रवासात त्यालाही त्याच डिकीत जागा द्यावी लागते, जिथे कुत्रा झोपणार आहे.

काठाची बाहेरची उंची मोजली की आतही हात घाला. बऱ्याच छोट्या एसयूव्हींमध्ये काठ उंच आणि डिकीचा तळ त्याच्या खाली दहा-पंधरा सेंटीमीटर असतो. सामान घसरत नाही म्हणून ते चांगलं, पण कुत्र्यासाठी तो उंबरठा होतो. चढताना रॅम्पच्या टोकावरून आत खाली पाय टाकावा लागतो. उतरताना आधी वर चढून मग रॅम्पवर यायचं, तेही खाली न दिसता. कुत्रा काठाशी येऊन अडतो, कुंईकुंई करतो आणि लोक म्हणतात घाबरट आहे. तो घाबरट नसतो, पुढचा पाय कुठे ठेवायचा ते त्याला दिसत नसतं. तळ काठाच्या बरोबरीला आणणारा, वर-खाली करता येणारा बोर्ड काही गाड्यांत मिळतो. नसेल तर सुतार प्लायचा करून देतो, मात्र तेवढी डोक्यावरची जागा कमी होते हे धरून चाला.

लोकमान्य नगरातलं एक जोडपं याच प्रश्नाने आलं होतं. त्यांचा लॅब उभा असताना खांद्यापाशी 59 सेंटीमीटर, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत साधारण 95. असा कुत्रा कुशीवर पाय सोडून झोपणार तर त्याला एक मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद सपाट जागा हवी. त्यांच्या मनात एक छोटी एसयूव्ही भरली होती. आम्ही मोजली तर काठ 73, आतला उंबरठा 14, आणि मागची सीट उभी असताना डिकीची खोली 74. कुत्रा आडवा बसला असता, मुटकुळं करून झोपलाही असता, पण पुण्यापर्यंत पाय लांब करता आला नसता. शिवाय मागची काच इतकी तिरकी की बसल्यावर डोकं काचेला टेकणार.

दुसरी होती एक सातआसनी. तिसरी रांग दुमडली की खोली मीटरच्या थोडी पुढे जात होती. दुमडलेल्या सीटच्या पाठीमुळे तळ काठाच्या बरोबरीला आला, म्हणून उंबरठा उरला नाही, आणि काठ होता 64. सातआसनींत दोन तऱ्हा असतात, हे लक्षात ठेवा. एर्टिगासारख्या गाडीत तिसरी रांग दुमडते. ट्रायबरची तिसरी रांग अख्खी काढून घरी ठेवता येते. काढली तर तळ खाली जातो आणि डोक्यावर भरपूर जागा मिळते, पण मग उंबरठा आहे का ते बघावं लागतं. कंपनीनेच काढता येण्याजोगी केलेली सीट काढणं वेगळं आणि दुसऱ्या गाडीची सीट मेकॅनिककडून कायमची उखडणं वेगळं. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते आणि नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो.

आता दार. मागचं दार वर उघडतं हे ठीक, पण गाडीमागे मोकळं काय राहतं? 160 चा रॅम्प लावला की जमिनीवर दीड मीटर जातो, आणि कुत्र्याला सरळ रेषेत यायला आणखी त्याच्या अंगाएवढी जागा लागते. रामबागेच्या किंवा नारायण बागेच्या गल्लीत, मागे कुणाची अ‍ॅक्टिव्हा टेकवलेली असताना, हे रोज जमेल का ते स्वतःला विचारा. जमत नसेल तर बाजूच्या दाराचा विचार करा. दाराचा उंबरा डिकीच्या काठापेक्षा बहुधा खालीच असतो. अडचण असते ती उंबरा आणि सीट यांच्यामधल्या पाय ठेवायच्या खड्ड्याची. साठ-चाळीस दुमडणाऱ्या सीटचा एक भाग पाडून खड्ड्यात फोमचा ठोकळा किंवा घट्ट भरलेली बॅग बसवली की रस्ता सलग होतो. सरकत्या दाराची इको या बाबतीत सोयीची, भिंतीला खेटून उभी केली तरी दार पूर्ण उघडतं. पण तिच्यात एसी मागे पोचत नाही, म्हणून पुण्याच्या प्रवासाला मी ती सुचवत नाही.

कारण मानपूरचा घाट उतरून निमाडात शिरलं की ऊन वेगळंच असतं. इंदूर पठारावर आहे, खालघाटला नर्मदा ओलांडताना मे महिन्यात पुढच्या सीटवरच्या माणसाला गारवा आणि डिकीतल्या कुत्र्याला भट्टी, असं सहज होतं. कुत्रा घामाने थंड होत नाही, तो धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवतो, आणि त्यासाठी त्याच्या तोंडापाशी हलती, थंड हवा लागते.

"रिअर एसी व्हेंट आहेत" या शब्दांवर इथेच लोक फसतात. पुढच्या दोन सीटच्या मधल्या खोक्यातून निघणारे झोत दुसऱ्या रांगेच्या गुडघ्यांवर येतात आणि सीटच्या पाठीला आपटून संपतात. छतातून किंवा दारांमधल्या खांबातून येणारे झोत पाठीवरून पलीकडे जातात, तेच कामाचे. दुसरी गोष्ट म्हणजे आत फिरणाऱ्या हवेचं बटण. ते दाबलेलं असताना एसी केबिनमधलीच हवा पुढच्या पायांपाशी ओढून घेतो, त्यामुळे मागे प्रवाह जवळजवळ राहत नाही. बाहेरची हवा सुरू केली की ती पुढून येते आणि डिकीच्या बाजूच्या फटींतून, मागच्या बंपरआड असलेल्या झडपांवाटे निघून जाते. म्हणजे ती कुत्र्यावरून जाते. म्हणून लांबच्या प्रवासात मी दर थोड्या वेळाने काही मिनिटं बाहेरची हवा घेते, आणि डिकीच्या बाजूंच्या त्या फटींवर गादी किंवा पिशव्या लावत नाही.

चाचणी सोपी आहे. टेस्ट ड्राइव्ह दुपारी एकला मागा. डिकीत कुत्र्याच्या डोक्याच्या उंचीवर टिश्यूची पट्टी चिकटवा आणि शेजारी छोटा डिजिटल थर्मामीटर ठेवा. वीस मिनिटांनी पट्टी हलत नसेल आणि पुढच्यापेक्षा मागे पाच-सहा अंश जास्त असतील, तर गाडी परत करा. काळी फिल्म लावून निभेल या भरवशावर राहू नका, नियमाने मागच्या काचेतून निदान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून पन्नास टक्के उजेड यायला हवा. आणि उभ्या गाडीत काच बोटभर उघडी ठेवून काही फायदा नाही. उन्हातल्या गाडीचं तापमान वाढतं ते बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच, म्हणून ढाब्यावर एकाने कुत्र्यापाशी थांबायचं.

धुण्याचं थोडक्यात. डिकीतल्या फेल्टच्या गालिच्यात लॅबचे केस सुईसारखे रुतून बसतात, व्हॅक्यूमलाही निघत नाहीत. त्यावर कडा उचललेला रबरी ट्रे टाका आणि ट्रेवर सियागंजातून मीटरवर मिळणारी रेघांची रबर शीट, कारण नुसत्या गुळगुळीत ट्रेवर प्रत्येक ब्रेकला कुत्रा घसरतो. शिवलेल्या जाड फोमच्या मॅट घेऊ नका, शिवणीतून पाणी आत जातं आणि वास राहतो. लेदरेट पुसता येतं, पण छिद्रांचं नको, छिद्रांत लाळ आणि धूळ बसते. पाइप लावून डिकी धुवायची नाही, खाली स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठून पत्रा गंजतो. ट्रे बाहेर काढून अंगणात धुवा.

सीएनजी घेणार असाल तर डिकी उघडून बघितल्याशिवाय बुकिंग करू नका. उभी टाकी असेल तर कुत्र्याची जागा गेलीच. तळाखाली दोन छोट्या टाक्या असतील तर जागा राहते, पण टेप पुन्हा काढा, तळ किती वर आला ते बघायला.

त्या जोडप्याने सातआसनी पेट्रोल घेतली. त्यांना मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते: रॅम्प गाडी येण्याआधी आणा. काही दिवस अंगणात जमिनीवर सपाट पसरून ठेवा आणि त्यावरून चालला की खाऊ द्या. मग एक टोक ओट्याच्या पहिल्या पायरीवर, मग दुसरीवर. गाडीला लावाल तेव्हा आधी फक्त चढवा, आत खाऊ द्या आणि हळूच उतरवा, इंजिन बंद ठेवून.