मामा तलावांची मालिका, भाग ३८ नंतर: बंद, बदल की विश्रांती?

माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावांची आपली यूट्यूब मालिका ३८ भागांवर आली आणि व्ह्यूज उतरतच चालले. सुरुवातीचे भाग चार-पाच हजारांवर, शेवटचे सातशेवर. मालिका गुंडाळायचं जवळपास ठरलंच होतं. मग लक्षात आलं की पहिल्या भागाला तीन वर्षं मिळालीत, अडतिसाव्याला जेमतेम तीन आठवडे. म्हणून प्रत्येक भागाचे पहिल्या सात दिवसांचेच व्ह्यूज वहीत उतरवले आणि पाच-पाच भागांतला मधला आकडा धरला. सरासरी नको, एखादा भाग व्हॉट्सॅपवर फिरला की ती फुगते. भाग ६ ते १० चा आकडा ११००, भाग ३४ ते ३८ चा ६२०. घसरण खरी, पण पाचातून एकावर नाही.

मग, कोण गेलं? परत येणारे प्रेक्षक तेव्हाही साडेतीनशेच्या आसपास, आताही तेवढेच. हेच कमी झाले असते तर मी मालिका मुकाट्यानं बंद केली असती. आटले ते नवे लोक. इम्प्रेशन्स फारसे घटले नाहीत, पण सीटीआर, म्हणजे ज्यांना व्हिडिओ दिसला त्यांतले किती जण क्लिक करतात ते, ६ टक्क्यांवरून ३ वर आला. म्हणजे व्हिडिओ समोर येतो, पण कोणी त्यावर बोट ठेवत नाही. ठेवतील कसे? सगळे थंबनेल सारखेच: ड्रोनमधून हिरवं पाणी, कोपऱ्यात पिवळा 'भाग ३६'. पहिले ३५ पाहिले नाहीत तो इथं कशाला शिरेल? पाळीवर जाळं सुकवत बसलेले एक काका हे आधीच म्हणाले होते, "सगळे तलाव एकसारकेच दिसते ना जी!"

भाग ३६ चा रिटेन्शन ग्राफ पाहिला तर पहिल्या तीस सेकंदांतच निम्मे लोक गेलेले. तिथं माझं शीर्षकसंगीत आहे. पुढं रेषा सपाट, आणि तुडुमापाशी, म्हणजे तलावातलं पाणी शेताकडे सोडायच्या जागेपाशी, चक्क वर चढते, म्हणजे लोक मागं जाऊन ते परत पाहतात. तुडुमाची वेगवेगळ्या उंचीवरची भोकं, पाणी उतरलं की खालचं उघडायचं. हे मी तीन मिनिटांत उरकलं होतं!

म्हणून त्याच भागाचं नाव बदलून 'तलावाचं पाणी शेतात सोडतात कसं?' ठेवलं आणि थंबनेलवर भोकाचा जवळून फोटो लावला. दोन आठवड्यांत सीटीआर साडेचार. यावर पूर्ण भरवसा नाही, कारण जुना व्हिडिओ सर्चमधून येणाऱ्यांना जास्त दिसतो आणि ते तसेही क्लिक करतात.

ठरलं ते असं: धानाच्या रोवण्यात जुलै-ऑगस्ट सुट्टी, आपले बरेच प्रेक्षक बांधीतच असतात. परतीची तारीख आताच सांगून ठेवली आहे. सप्टेंबरपासून नावातून भाग क्रमांक काढायचा, शीर्षकसंगीत काढायचं आणि एका भागात तलाव नाही, एक प्रश्न घ्यायचा. असे तीन भाग झाले की परत सात दिवसांचा मधला आकडा. नवे प्रेक्षक चारशेच्या वर गेले नाहीत तर एक्केचाळिसाव्या भागावरच 'समाप्त'.

सप्टेंबरच्या पहिल्या भागाचं शूटिंग हातात आहे. मे महिन्यात तळ उघडा पडला तेव्हा भाच्यानं तुडुमात टॉर्च धरून चाळीस मिनिटं काढलेली, त्यातली तेव्हा दोनच वापरली होती.