मामांचा प्रश्न

साडेअकरा वाजले. स्पर्धेचं पोस्टर गुंडाळून कपाटावर टाकलंय, तरी डोक्यातून जात नाही.

नंबर आला नाही त्याचं एवढं नाही. मुक्ताचं तर... जाऊ दे. शाळेच्या गेटवरचे मामा पोस्टरपाशी थांबले होते, ते सलतंय. त्यांच्या शिरोळचं नाव दिसलं म्हणून आले आणि म्हणाले, "आमच्याकडं पाऊस एवढा न्हाई, मग पूर कुठनं येतोय गं? हितं लिवलंय काय ते?"

लिहिलं होतं. चौथ्या चौकटीत, शेवटच्या परिच्छेदात, 18 पॉइंटात. मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाकले, दोन ओळी वाचल्या असतील नसतील. "चांगलं केलंयस," म्हणाले आणि पुढं गेले.

तीन रात्री जागले होते मी. आरोह, प्रतिरोध, आवर्त, तिन्ही पर्जन्यांच्या आकृत्या, बाण, व्याख्या. धड्यातलं काही म्हणता काही सोडलं नाही. वर शीर्षक 'पर्जन्याचे प्रकार'. यातून माणसाला कळणार काय? प्रकार तीन आहेत, एवढंच. सगळं लिहिलं आणि मामांना हवं ते एक वाक्य तळाशी ढकललं.

मघाशी उठून ए-फोर कागद आडवा धरला. डावीकडं समुद्र, मग सह्याद्रीचा चढ, माथ्याला गगनबावडा, उतारानंतर पार उजवीकडं शिरोळ. वारा चढतो, थंड होतो, बाष्पाचं पाणी होऊन घाटातच कोसळतं. पलीकडं उतरताना तो तापतो, ढग विरतात. गावांवर दोनच खांब काढले: गगनबावड्याचा पाच हजार मिलिमीटरच्या घरातला, शिरोळचा पाचशेच्या आसपासचा. खालून एक निळी रेघ ओढली. कुंभी, पंचगंगा, नृसिंहवाडीला कृष्णा. 2019 च्या पुराचं बरंच पाणी याच वाटेनं आलं.

शीर्षक आपोआप सुचलं: 'पाऊस घाटात पडतो, पूर शिरोळला येतो'. आरोह आणि आवर्त काढून टाकले. काढताना जिवावर आलं, खरंच. बाईंना वाटेल अभ्यासच केला नाही.

मग जुन्या पोस्टरची फाईल ए-फोरवर छापली. ए-वन एवढं लहान केलं की 18 पॉइंटचं अक्षर सहाच्या आसपास येतं. हातभर लांब धरलं तर ती ओळ मलाही वाचता येईना. तसं हातात वाचता आलं तर मोठं पोस्टर सव्वा मीटरवरून वाचता येतं. छपाईच्या आधी पाच रुपयांत कळलं असतं. मामा बिचारे वाकले होते.

नवा कागद दप्तरात ठेवलाय. मामा सकाळी साडेसातला गेटवर असतात.